देवदर्शनाच्या दिवसाची चप्पल: पटकन घालता यावी आणि उन्हात तापू नये

प्रश्न: एप्रिलअखेर आई-बाबांना घेऊन कोल्हापूरला येतोय. एका दिवसात जोतिबा, अंबाबाई आणि नृसिंहवाडी करायचं आहे. आईचं वय ६७, शुगर आहे, वाकून पट्टा लावणं जमत नाही. दिवसभरात सात-आठ वेळा चप्पल काढावी लागेल. चटकन पाय सरकवता येईल आणि उन्हात तापणार नाही अशी चप्पल कोणती घ्यावी? कोल्हापुरी चालेल का?

उत्तर:

मामांच्या दुकानात, चप्पल लाइनीत, मी बारा वर्षं बसलो आहे. यात्रेच्या दिवसांत हाच प्रश्न घेऊन माणसं यायची. पण मला खरं उत्तर कळलं ते आत्याला जोतिबाला नेलं तेव्हा.

आत्याला शुगर. पायात जाड, मऊ, काळ्या रेक्झिनची सँडल होती, दिसायला एकदम आरामाची. साडेअकराला पायरीशी उघड्यावर काढली आणि पाऊण वाजता परत घातली. ती काही बोलली नाही, कारण तिला जाणवलंच नाही. संध्याकाळी घरी पाय धुताना अंगठ्याच्या बुडाशी आणि टाचेला फोड दिसले. फरशीवर चालून आले असतील असं आधी वाटलं, पण आम्ही मांडवाखालून, मॅटवरून आलो होतो. फोड होते ते सँडलच्या आतल्या टोकदार उंचवट्यांच्या जागी. अॅक्युप्रेशरवाल्या सँडलला असतात ना, ते.

म्हणून पहिली गोष्ट. चप्पल घेताना सगळे खालचा सोल किती जाड आहे ते बघतात, जमिनीचा चटका वर येऊ नये म्हणून. पण देवदर्शनात चप्पल तासभर रिकामी पडलेली असते आणि ऊन थेट तिच्या आतल्या बाजूवर, जिथे पाय टेकतो तिथे, पडतं. तापते ती बाजू. सोल जाड असून तिथे काही उपयोग नाही.

ती बाजू किती तापेल हे रंगावर ठरतं, आणि पायाला किती वेळ भाजेल हे वस्तू किती भरीव आहे त्यावर. काळा आणि गडद चॉकलेटी रंग टाळा. फोम हलका असतो. त्याचा वरचा थर तापतो, पण त्यात उष्णता साठत नाही, पाय टेकला की थोड्या वेळात निवतो. भरीव, जड रबर मात्र आतपर्यंत तापतं आणि पाय ठेवल्यावरही बराच वेळ चटके देत राहतं. घरीच बघता येईल. दुपारी दोन्ही प्रकारच्या चपला अर्धा तास उन्हात ठेवा आणि मग तळहात दाबून धरा. हाताखाली लवकर निवते ती ठीक. तशीच गरम राहते ती यात्रेला नको.

आता कोल्हापुरी. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं उष्णता हळू वाहून नेतं, आणि तेल कमी दिलेला, फिकट बदामी रंगाचा तळ काळ्या रेक्झिनपेक्षा नक्कीच कमी तापतो. पण तुमच्या आईसाठी मी अंगठ्याची कोल्हापुरी सुचवणार नाही. अंगठा बरोबर कडीत जावा लागतो, गर्दीत दर वेळी थांबून नेम धरावा लागतो. नवी चप्पल चावते, आणि शुगरच्या माणसाला दोन बोटांच्या मधे घासलेलं परवडत नाही. दुसरं म्हणजे नुसता चामड्याचा तळ गुळगुळीत दगडावर सटकतो, आणि जोतिबाला पायऱ्या आहेत. वाडीला तर घाटावर पाय ओले होणारच. ओल्या पायाने चामडं भिजतं, मग उन्हात वाळून कडक होतं.

बाबांना कोल्हापुरीच हवी असेल तर खाली रबर सोल लावलेली आणि कडेने शिवलेली घ्या. नुसत्या चिकटवलेल्या सोलचं सोल्युशन उन्हात मऊ पडतं आणि पुढच्या टोकाला तोंड उघडतं. दुकानातच चप्पल पुढून वाकवून कडेला फट दिसते का बघा. निघण्याआधी आठवडाभर घरात रोज तासभर वापरू द्या, पट्ट्याला आतून खोबरेल लावा. तळाला मात्र तेल नको, रंग गडद होतो आणि मग जास्त तापते.

आईसाठी आधी एक गोष्ट विचारून घ्या: तळपायाची जाणीव डॉक्टरांनी तपासली आहे का? जाणीव चांगली असेल तर अंगठा नसलेली, एका रुंद पट्ट्याची, फिकट रंगाची, फोमच्या तळाची चप्पल घ्या. पट्टा पावलाच्या उंच भागावर बसला पाहिजे. तो बोटांच्या मुळाशी आला तर चप्पल धरून ठेवायला बोटं आवळावी लागतात आणि संध्याकाळी पोटऱ्या दुखतात. पट्ट्याला वरून वेलक्रो असेल तर उत्तम: सकाळी एकदा मापात बसवायचा आणि दिवसभर हात लावायचा नाही. दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाऊल थोडं सुजतं. कशालाही न धरता, खाली न वाकता, पाय एका झटक्यात आत जातो का ते बघा, मग दहा पावलं चालायला सांगा.

जाणीव कमी असेल तर मागून उघडी चप्पल नकोच. ती पायातून निसटलेली कळत नाही, आणि तापलेलीही कळत नाही. मग मागे पट्टा आणि वेलक्रो असलेली सँडलच घ्या, आणि दर वेळी वाकायचं काम तुम्ही करा. घालण्याआधी आत आपला तळहात फिरवून बघायचं, खडा आणि चटका दोन्ही कळतात. अनवाणी चालण्यासाठी जाड सुती मोजे सोबत ठेवा आणि आत मोजे चालतात का हे दारात विचारून घ्या.

चप्पल ठेवायची कुठे, यानेही फरक पडतो. स्टँड असेल तर स्टँडवरच, छपराखालच्या खणात. भिंतीच्या सावलीवर विसंबू नका. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, त्यामुळे एप्रिलअखेर भर दुपारी भिंतीला सावली जवळपास नसतेच. बंद गाडीतही ठेवू नका, तिथल्या उष्णतेत फोम आखडतो आणि चप्पल लहान होते. उघड्यावरच ठेवावी लागली तर पांढऱ्या सुती पिशवीत घालून ठेवा. उलटी ठेवली तरी आतली बाजू वाचेल, पण घरातली मोठी माणसं ते चालवून घेत नाहीत, आणि पिशवीने तेच काम होतं.

क्रमही असा ठेवा: सकाळी लवकर जोतिबा, कारण डोंगरावर आवार उघडं आहे आणि काळा दगड दहानंतर तापायला लागतो. दुपारी बारा ते चार कुठेही अनवाणी उभं राहायचं नाही, जेवण आणि विश्रांती. त्यानंतर वाडी. पायऱ्यांवर सावली आली की घाटावर उतरा, आणि तिथून निघताना आईचे पाय, विशेषतः बोटांच्या बेचक्या, कोरड्या पुसूनच चप्पल घाला. अंबाबाई शेवटी, दिवेलागणीनंतर. फरशी तेव्हाही कोमट असते, पण भाजत नाही.

रात्री खोलीवर आल्यावर दोन्ही तळपाय उजेडात बघा. जोतिबाचा गुलाल पायाला लागलेला असतो, त्यात लाल झालेली कातडी लपते. म्हणून आधी धुवा, मग बघा. फोड दिसला तर फोडू नका, सकाळी डॉक्टरांना दाखवा.