एडिटरचा रेझ्युमे: ‘१२ लाख व्ह्यूज’मधले तुमचे किती?

प्रश्न : सात वर्षं सांगलीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करतोय, सगळं एडियसवर. आता पुण्यात डिजिटल एजन्सीत जायचंय. लग्नाचं काम लिहिलं तर हलकं समजतील का? प्रीमिअर नीट येत नाही, ते कसं लिहू?

लग्नाचं काम लपवू नका. सात वर्षांचा अनुभव ‘फ्रीलान्स एडिटर’ एवढ्या दोन शब्दांत गुंडाळलात, तर समोरच्याला वाटेल की सांगण्यासारखं काही नाही. अडचण कामात नसून ‘वेडिंग एडिटर, ७ वर्षं’ या ओळीत आहे. एजन्सीत रेझ्युमे बघणाऱ्याला तीन गोष्टी कळायला हव्यात : तुमच्या हातात काय येतं, तुम्ही काय करून देता आणि किती दिवसांत. तुमच्या मेलमधले आकडे घेऊन मी ती ओळ अशी लिहीन :

‘लग्नसोहळे, ३ कॅमेरे आणि ड्रोन, प्रत्येकी ७–८ तासांचं फुटेज. एका फुटेजमधून तीन व्हिडिओ : दोन तासांचा पूर्ण सोहळा, ५ मिनिटांची हायलाइट, ४५ सेकंदांची उभी रील (१०८०×१९२०). रील तिसऱ्या दिवशी, हायलाइट १२ दिवसांत, पूर्ण व्हिडिओ ३० दिवसांत.’

हे वाचलं की एजन्सीवाल्याला लग्न दिसतच नाही. मल्टिकॅम सिंक येणारा, आठ तासांतून पाच मिनिटं निवडणारा, आडव्या फुटेजची उभी फ्रेम करणारा माणूस दिसतो. कंपन्यांचे कार्यक्रम, उद्घाटनं, परिषदा यांचं काम नेमकं हेच असतं. तसं एखादं काम केलं असेल, दुकानाचं उद्घाटन किंवा शाळेचं स्नेहसंमेलन, तर ते वेगळ्या ओळीत लिहा, म्हणजे ग्राहकांचे प्रकार दोन होतील.

सॉफ्टवेअरसमोर तारे किंवा टक्क्यांच्या पट्ट्या देऊ नका. ‘प्रीमिअर ८०%’ म्हणजे काय, हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्याऐवजी त्या सॉफ्टवेअरवर काय केलंय ते लिहा : ‘एडियस : रोजचं काम, ७ वर्षं. प्रीमिअर प्रो : चार महिन्यांपासून, खालची दुसरी लिंक त्यावर कापलेली आहे.’ ही ओळ खरी व्हावी म्हणून एका जुन्या लग्नाची हायलाइट प्रीमिअरमध्ये पहिल्यापासून कापा. आवाजावरून कॅमेरे जुळवणं, प्रॉक्सी बनवणं, फोल्डर हलवल्यावर ऑफलाइन झालेलं फुटेज परत जोडणं, एवढं हाताला बसलं की मुलाखतीच्या टेस्टमध्ये अडायला होत नाही.

मराठी कामासाठी आणखी एक गोष्ट शिकून घ्या आणि ती रेझ्युमेत आवर्जून लिहा : देवनागरी टायटल्स. प्रीमिअरमध्ये मराठी मजकूर टाकल्यावर ‘स्थिती’ची वेलांटी भलतीकडे जात असेल किंवा जोडाक्षरं फुटून मधे हलंत दिसत असेल, तर Preferences मधल्या Graphics खाली टेक्स्ट इंजिन South Asian and Middle Eastern वर आहे का ते पाहा. तुम्ही जुन्या श्रीलिपी फाइलींवरही काम केलंय आणि युनिकोडवरही, असं मेलमध्ये म्हणता. मग तसं स्पष्ट लिहा. मराठी मजकुराचं काम घेणाऱ्या एजन्सीला असा एडिटर हवाच असतो, कारण चुकीची वेलांटी ग्राहकाच्या नजरेतून सुटत नाही.

प्रश्न : रेझ्युमेत ‘फास्ट टर्नअराउंड’ लिहिलंय. एका ठिकाणी विचारलं, ‘फास्ट म्हणजे किती?’ मला उत्तर देता आलं नाही. २४ तास लिहू का? मी मुख्यतः पॉडकास्ट एडिट करते.

२४ तास लिहू नका. एखाद्या रात्री जागून दिलेलं काम रेझ्युमेत आलं की तेच तुमचं रोजचं वेळापत्रक समजलं जातं, आणि पहिल्याच आठवड्यात त्याची मागणी होते.

आकडा काढायची साधी रीत आहे. शेवटची दहा-बारा कामं घ्या. फुटेजची लिंक ज्या दिवशी आली आणि पहिला कट ज्या दिवशी गेला, त्या दोन्ही तारखा तुमच्या मेलमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर सापडतील. मधले दिवस मोजून आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडा आणि मधला आकडा उचला. सरासरी काढू नका. ग्राहकाने लोगो पाठवायला तीन आठवडे लावले असतील तर ते एकच काम सरासरी बिघडवतं.

मग मोजणी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, ते लिहा. घड्याळ शूटच्या दिवशी सुरू होतं की पूर्ण फुटेज हातात आल्यावर? संपतं ते पहिल्या कटवर की मंजुरीवर? मंजुरीचे दिवस ग्राहकाच्या हातात असतात, म्हणून पहिला कट आणि दुरुस्त्या वेगळ्या सांगाव्यात. तुमच्यासाठी ओळ अशी होईल : ‘दोन कॅमेऱ्यांचा पॉडकास्ट, साधारण ७० मिनिटांचं रेकॉर्डिंग. ४५ मिनिटांचा भाग आणि ४ रील्स. पूर्ण फुटेज मिळाल्यापासून पहिला कट तिसऱ्या कामाच्या दिवशी, दुरुस्त्यांची प्रत्येक फेरी एका दिवसात, सहसा दोन फेऱ्या.’

‘सहसा दोन फेऱ्या’ वगळू नका. त्यावरून कळतं की ग्राहकाला काय हवंय ते तुम्हाला लवकर उमगतं. पाच-सहा फेऱ्या लागत असतील तर तो आकडा लिहू नका, आधी कारण शोधा. पुष्कळदा कापायला बसण्याआधी एखादा नमुना व्हिडिओ मागून न घेतल्याने तसं होतं.

तातडीचं काम करत असाल तर त्याची वेगळी ओळ द्या : ‘६० सेकंदांपर्यंतची रील त्याच दिवशी, फुटेज दुपारी १२ पर्यंत मिळाल्यास.’ अट सोबत असली की आकड्यावर विश्वास बसतो.

प्रश्न : मी एडिट केलेल्या एका व्हिडिओला १२ लाख व्ह्यूज आहेत. रेझ्युमेत सगळ्यात वर तेच टाकलंय. एका सीनिअरने काढून टाक म्हणून सांगितलं. का? चॅनल पाककृतींचं आहे.

काढू नका, खाली न्या. व्ह्यूजमध्ये विषय, शीर्षक, थंबनेल, चॅनलचे जुने सबस्क्रायबर, कधी जाहिरातीचा पैसाही असतो. क्लिक होते तेव्हा प्रेक्षकाने तुमचा एकही कट पाहिलेला नसतो. तुमचं काम क्लिकनंतर सुरू होतं, म्हणून तुमचा आकडा प्रेक्षक किती टिकला यात शोधायचा. शॉर्ट्सच्या बाबतीत तर आणखी जपून. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूब शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा वाजला की व्ह्यू मोजतं, किती वेळ पाहिला याची अट राहिलेली नाही. त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे शॉर्ट्सचे व्ह्यूज शेजारी मांडून ‘वाढ’ दाखवता येत नाही.

तुम्ही पाठवलेले आकडे छान आहेत, पण त्यात एक खड्डा आहे. तुम्ही येण्याआधी व्हिडिओ सरासरी १४ मिनिटांचे होते आणि लोक सरासरी ३५ टक्के भाग पाहत. तुम्ही ते ९ मिनिटांवर आणले आणि आकडा ४८ टक्के झाला. ‘रिटेन्शन ३५ वरून ४८ टक्के’ असं तुम्ही लिहिलंय. आता मिनिटांत मोजू. १४ मिनिटांचे ३५ टक्के म्हणजे ४ मिनिटं ५४ सेकंद. ९ मिनिटांचे ४८ टक्के म्हणजे जेमतेम ४ मिनिटं १९ सेकंद. टक्के वाढले, पण माणूस आधीपेक्षा अर्ध्या मिनिटाहून जास्त लवकर निघून जातोय. व्हिडिओ आखूड केला की टक्का बहुधा आपोआप चढतो. मुलाखत घेणारा ॲनॅलिटिक्स जाणणारा असेल तर तो पहिला प्रश्न हाच विचारेल.

म्हणून लांबी बदलली तरी तुलना करता येईल असा आकडा घ्या. यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओच्या रिटेन्शन आलेखात ३० सेकंदांनंतर किती टक्के लोक उरले ते दिसतं. तुमच्याकडे तोही आकडा आहे : आधीच्या दहा व्हिडिओंत साधारण ५८ टक्के, तुमच्या दहांत ७१. कारणही तुम्हीच मेलच्या शेवटी सहज लिहून गेलात. आधी लोगो आणि ‘नमस्कार मंडळी’ मिळून २० सेकंद जात होते. तुम्ही तयार पदार्थाचा शॉट पहिल्या तीन सेकंदांत आणला आणि नमस्कार मागे ढकलला. रेझ्युमेतली सगळ्यात वरची ओळ ही आहे :

‘पाककृती चॅनल, ८–१० मिनिटांचे व्हिडिओ. सुरुवातीची रचना बदलली. ३० सेकंदांनंतर टिकणारे प्रेक्षक ५८ वरून ७१ टक्के (बदलाआधीचे १० आणि नंतरचे १० व्हिडिओ).’

पुढच्या ओळीत १२ लाखांचा व्हिडिओ खुशाल द्या, ‘या चॅनलवरचा सर्वाधिक पाहिलेला, एडिट माझं’ असं लिहून. तुलना करताना दिवाळीचे फराळाचे व्हिडिओ एका बाजूला आणि रोजच्या भाज्या दुसऱ्या बाजूला असं होऊ देऊ नका. शिवाय सगळे आकडे अपलोड केल्यापासूनच्या पहिल्या २८ दिवसांचे घ्या, नाहीतर जुन्या व्हिडिओला जास्त काळ मिळालेला असतो.

प्रश्न : चॅनलचं ॲनॅलिटिक्स माझ्याकडे नसतं. ग्राहक व्हिडिओ घेतो आणि संपलं. मग परिणाम कुठून दाखवू?

मागा. यूट्यूबवर चॅनलमालक महसूल न दिसणारा, फक्त बघण्याचा अधिकार देऊ शकतो. ते नको असेल तर रिटेन्शन आलेखाचा एक स्क्रीनशॉट पुरतो. व्हिडिओ गेल्यावर महिन्याभराने ‘पुढचा भाग सुधारायला आलेख बघायचाय’ असा निरोप टाकला तर सहसा नाही म्हणत नाहीत, कारण फायदा त्यांचाच असतो. इन्स्टाग्रामवरही रीलच्या इनसाइट्समध्ये पाहण्याचा सरासरी वेळ दिसतो. तो ग्राहकाच्या फोनमधून एका मिनिटात मिळतो.

तरीही नाहीच मिळालं तर परिणामाच्या जागी ग्राहकाची कृती लिहा. ‘एका व्हिडिओपासून सुरुवात, आता दर महिन्याला आठ’ हाही परिणाम आहे आणि तो कोणालाही तपासता येतो. आकडा मात्र अंदाजाने घालू नका.

प्रश्न : वृत्तवाहिनीत रात्रपाळीला पॅकेज कापतो. फॉरमॅटच्या रकान्यात काय लिहू?

दोन्ही बाजू लिहा. कामाचा प्रकार : दीड-दोन मिनिटांची पॅकेजेस, बाईट्स, प्रोमो. देण्याचं तांत्रिक रूप : १०८०आय ५०, २५ फ्रेम्स. वाहिनीच्या यूट्यूबसाठीही एक्स्पोर्ट करत असाल, तर ‘इंटरलेस्ड फुटेज डीइंटरलेस करून वेबसाठी’ ही ओळ हमखास घाला. वेगाने हलणाऱ्या हातांभोवती कंगव्यासारख्या रेघा दिसणारे व्हिडिओ रोज अपलोड होतात. ते ओळखून दुरुस्त करणारा माणूस डिजिटल विभागाला लगेच पटतो. कोडेक्सची लांब यादी नको.

प्रश्न : एनडीए आहे, ब्रँडचं नाव सांगता येत नाही. ते काम वगळू?

वगळू नका. ‘औषध कंपनी, डॉक्टरांसाठी प्रशिक्षण व्हिडिओ, ६–८ मिनिटं, मराठी आणि हिंदी आवृत्ती’ एवढं लिहिलं की नाव न घेता ग्राहकाचा प्रकार कळतो. पण आधी करार वाचा. काही करारांत ग्राहकाचं क्षेत्र सांगायलाही मनाई असते. तो व्हिडिओ पासवर्ड लावून पाठवणं हाही करारभंगच ठरू शकतो. त्याऐवजी तशाच धाटणीचा एक मिनिटाचा नमुना स्वतःच्या फुटेजवर कापा आणि त्याखाली ‘नमुना, ग्राहकाचं काम नाही’ असं लिहा. लिंक पाठवण्याआधी फोनवर, लॉगिन न केलेल्या ब्राउझरमध्ये उघडून बघा. ड्राइव्हची परवानगी मागणारी खिडकी आली तर बघणारा पुढच्या रेझ्युमेकडे वळतो.