दोन घनमुळांच्या वजाबाकीची लिमिट: एक अक्षर पुरत नाही तेव्हा

प्रश्न: x → 0 असताना (∛(8+x) − ∛(8−x)) / x ची लिमिट कशी काढायची? वर्गमुळासारखं मधलं चिन्ह बदलून गुणलं तर गणित आणखी चिघळलं. t³ = 8+x घेतलं तर दुसरं घनमूळ तसंच राहतं.

चिन्ह बदलून गुणायची युक्ती वर्गमुळापुरतीच आहे. (a−b)(a+b) मधून a²−b² मिळतं आणि वर्गाने वर्गमूळ जातं. घनमूळ जायला घन हवा, म्हणून इथे कामाचं सूत्र हे:

```
a³ − b³ = (a − b)(a² + ab + b²)
```

आधी एकच घनमूळ असलेलं सोपं गणित बघा, कारण तुमची t ची कल्पना तिथे अगदी बरोबर चालते. समजा (∛(8+x) − 2)/x आहे. t = ∛(8+x) घेतलं की x = t³ − 8. आता मुळाचं चिन्हच उरत नाही:

```
(t − 2)/(t³ − 8) = 1/(t² + 2t + 4)
```

x शून्याकडे जातो तेव्हा t जातो 2 कडे, म्हणून उत्तर 1/12. मी शिकत असताना नेमका इथेच घसरलो होतो. चल बदलला, पण लिमिटखाली सवयीने t → 0 लिहिलं. मग (−2)/(−8), म्हणजे 1/4 येतं. दिसायला इतकं सभ्य उत्तर की शंकाही येत नाही. चूक ओळखायची खूण अशी: मूळ गणित 0/0 होतं, तर चल बदलल्यावर, काहीही छाटण्याआधी, नवीन किंमत घालूनही 0/0 च यायला हवं. t = 0 घालून ते आपोआप नाहीसं झालं, म्हणजे t चुकीच्या ठिकाणी चाललाय.

आता तुमचं गणित. t³ = 8+x घेतलं की 8−x = 16−t³ होतं आणि ∛(16−t³) गळ्यात पडतं. तेव्हा एकाच अक्षराचा हट्ट सोडा आणि दोन्ही मुळांना नावं द्या: a = ∛(8+x), b = ∛(8−x). मग a³ − b³ = (8+x) − (8−x) = 2x. म्हणजे छेदातला x हा (a³ − b³)/2 आहे, आणि अंशात तर a − b आहेच.

```
(a − b)/x = 2(a − b)/(a³ − b³) = 2/(a² + ab + b²)
```

x शून्य नसेल तर a आणि b वेगळे असतात, म्हणून a − b छाटायला हरकत नाही. x → 0 झाल्यावर दोन्ही 2 कडे जातात. छेद 4 + 4 + 4 = 12, उत्तर 2/12 = 1/6. पडताळा हवा तर x = 1 घालून बघा: ∛9 ≈ 2.0801, ∛7 ≈ 1.9129, फरक 0.1672. 1/6 म्हणजे 0.1667, तेव्हा जुळतंय.

a आणि b मध्ये लिहिताना x पूर्ण घालवायचा असतो असं नाही. छेदाचं a³ − b³ शी नातं सापडलं की झालं. ते नातं न सापडणारी गणितंही असतात. उदाहरणार्थ (√(4+x) − ∛(8−x))/x. इथे एक वर्गमूळ, एक घनमूळ, आणि आतल्या राशीही वेगळ्या. (राशी एकच असती, जसं √(1+x) − ∛(1+x), तर 1+x = t⁶ घेऊन दोन्ही मुळं एका झटक्यात गेली असती.) अशा वेळी दोन्ही मुळं ज्या 2 कडे जातात तो 2 आधी वजा करून मग परत मिळवा:

```
(√(4+x) − 2)/x + (2 − ∛(8−x))/x
```

आता प्रत्येक तुकड्याला आपापला चल. पहिल्याला s² = 4+x, त्यातून 1/4; दुसऱ्याला t³ = 8−x, त्यातून 1/12. बेरीज 1/3. तुमचं मूळ गणितही असंच तोडता येतं, 1/12 + 1/12. पण मला a, b ची पद्धत जास्त आवडते, कारण तिथे एकदाच छाटावं लागतं.

तोडताना एकच अट आहे: दोन्ही तुकड्यांच्या लिमिट स्वतंत्रपणे अस्तित्वात हव्यात. (∛(8+x) + ∛(8−x) − 4)/x² घ्या. यातून 2 आणि 2 वेगळे केले तर प्रत्येक तुकडा साधारण 1/(12x) एवढा होतो, एक धन, एक ऋण, आणि दोन्ही हाताबाहेर जातात. एकत्र ठेवलं तर मात्र लिमिट आहे, −1/144.