प्लेसमेंटची हमी देणारा क्लास: आधी काय तपासावं?

प्रश्न: पुण्यात डेटा ॲनालिटिक्सचा क्लास ६०,००० फी 'हप्त्याने' आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट' सांगतोय. भरू का?

उत्तर: आज नको. आधी फी 'हप्त्याने' म्हणजे नेमकी कशी, ते विचारा. माझ्या भाच्याने हप्त्याचा फॉर्म समजून सही केली, ते फायनान्स कंपनीचं कर्ज निघालं. क्लास सोडला तरी हप्ते चालूच राहिले, कारण पैसे क्लासला आधीच पोचले होते. म्हणून बॅच सोडल्यास किती दिवसांत किती रक्कम परत, आणि कर्ज कोण बंद करणार, हे लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी घ्या. अटींत 'प्लेसमेंट असिस्टन्स' असेल तर ती नोकरीची हमी नाही. मुलाखतीला पाठवलं की त्यांचं काम संपलं.

भिंतीवरचं आयएसओ किंवा उद्यम नोंदणी म्हणजे कोर्सची मान्यता नव्हे. 'सरकारमान्य' म्हणत असतील तर कोर्सचा कोड मागा आणि nqr.gov.in या मान्य कोर्सच्या सरकारी यादीत शोधा. प्रमाणपत्र देणारी संस्था कोणती, तेही तिथे दिसतं.

शिकवणारा कोण, हे नावानिशी विचारा, त्याचा लिंक्डइनवरचा अनुभव बघा आणि त्याच्याच चालू बॅचमध्ये एक तास बसा. डेमोला एक आणि बॅचला दुसराच, हे फार होतं.