घरी आलं, गाडीत बसलं, चार्जिंगला लावलं की फोनची सेटिंग आपोआप बदलावी, यासाठी घराला लोकेशन लावू की वायफाय?

माझा फोन सॅमसंगचा आहे. रूटीन लावलं, पण कधी चालतं, कधी नाही. वडिलांच्या फोनमध्येही लावून द्यायचं आहे, त्यांचा दुसऱ्या कंपनीचा अँड्रॉइड आहे.

वायफाय लावा. लोकेशन शहरातल्या फ्लॅटवाल्यांसाठी ठीक आहे, मळ्यात राहणाऱ्यांसाठी नाही. हे मी कुठंतरी वाचून सांगत नाही. आमच्या घरात यावरून भांडण झालेलं आहे आणि ते अजून मिटलेलं नाही.

आमचं घर निपाणीच्या बाहेर, डांबरी रस्त्यापासून बरंच आत, चारी बाजूंनी ऊस. बाबा सकाळी गावात सोसायटीत जाऊन बसतात, संध्याकाळी भजनाला जातात. तिथं फोन सायलेंटवर टाकायचा आणि तसाच घेऊन घरी यायचं, ही त्यांची जुनी सवय. आल्यावर शर्ट सोप्यातल्या खुंटीला, फोन शर्टाच्या खिशात आणि बाबा मागं गोठ्यात. फोन खणखणून वाजला तरच ऐकू येणार.

माझा मावसभाऊ पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. दादा गणपतीला आला आणि बाबांच्या फोनमध्ये त्यानं मॅक्रोड्रॉइड हे अमुक झालं की तमुक आपोआप करणारं अ‍ॅप टाकलं, नकाशावर घराभोवती वर्तुळ काढलं, दोन मॅक्रो म्हणजे तसे दोन नियम केले. वर्तुळात आलं की रिंग मोठी, वर्तुळाबाहेर गेलं की सायलेंट. मी तेव्हाच म्हटलं, वायफायवर लाव की. तर म्हणाला, "वायफाय म्हणजे जुगाड. लोकेशन हीच प्रॉपर पद्धत." वर्तुळही त्यानं मुद्दाम बारीक ठेवलं, रस्त्यानं जाता-येता चालू व्हायला नको म्हणून.

पुढं ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला. ज्या दिवशी आमची पाळी होती त्या दिवशी टोळीचा मुकादम बाबांना फोन लावून लावून दमला आणि टोळी घेऊन पुढच्या रानात गेला. तोडीला आलेला ऊस उभा राहिला की वजनात मार बसतो, हे इथं कुणाला सांगायला नको. मी बाबांना विचारलं तर म्हणाले, "वाजलाच न्हाई तर उचलू काय? घरातच हुतो की मी."

ते खरंच घरात होते. मॅक्रोड्रॉइडमध्ये `System Log` असतो, कुठला मॅक्रो किती वाजता चालला ते त्यात दिसतं. तुमचंही रूटीन कधी चालतं कधी नाही म्हणताय, तर अशी नोंद आधी बघा, मग सेटिंगला हात लावा. बाबांच्या फोनमध्ये भर दुपारी ‘वर्तुळाबाहेर गेला’ अशी नोंद होती आणि थोड्या वेळानं ‘परत आत आला’ अशी. फोन मात्र खुंटीवरून हललेला नव्हता.

कारण सोपं आहे. बॅटरी वाचवायची म्हणून फोन सारखा जीपीएस चालू ठेवत नाही, आणि स्लॅबखाली जीपीएस तसाही धड मिळत नाही. मग आजूबाजूची वायफाय आणि मोबाइल टॉवर बघून तो जागेचा अंदाज बांधतो. शहरात प्रत्येक भिंतीआड एक राउटर असतो, त्यामुळे अंदाज वीस ते पन्नास मीटरच्या आत बसतो. मळ्यात आमचा एकच राउटर. लाईट गेली की तोही बंद, उरतात फक्त टॉवर, आणि अंदाज शेकडो मीटरपासून काही किलोमीटरपर्यंत घसरू शकतो. अशा वर्तुळासाठी त्रिज्या निदान १०० ते १५० मीटर ठेवा, असं गूगल स्वतःच अ‍ॅप बनवणाऱ्यांना सांगतं. दादानं त्याच्याही खाली ठेवली होती. त्यात आम्ही सीमेवरचे. घरातल्या घरात फोन कधी कर्नाटकातला टॉवर धरतो, कधी महाराष्ट्रातला. म्हणून मॅक्रोड्रॉइडमध्ये टॉवरवर चालणारा जो ट्रिगर आहे, त्याच्या तर नादालाच लागू नका.

तुमच्या घरी लोकेशन चालेल का, हे बघायचं असेल तर फोन रोज जिथं ठेवता तिथंच धरून नकाशा उघडा. निळ्या ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ दिसतं, तेवढ्या परिसरात कुठंतरी आपण आहोत असं फोनला वाटत असतं. ते तुमच्या रूटीनच्या वर्तुळापेक्षा मोठं असेल तर विषय संपला.

आता वायफाय. त्यातही एक खोच आहे आणि ती दादालाच काय, मला भेटलेल्या कुणालाच आधी सुचलेली नव्हती. लाईट गेली, राउटर बंद पडला, की फोनच्या दृष्टीनं तुम्ही घर सोडलं. सॅमसंगच्या `Modes and Routines` मध्ये रूटीन संपलं की सेटिंग आधी होती तशी परत होते. म्हणजे तुम्ही भजनातून सायलेंट फोन घेऊन आलात, वायफाय जोडलं, रिंग मोठी झाली, आणि लाईट गेली की फोन पुन्हा सायलेंट. तुमचं रूटीन वायफायवर असेल, तर ते ‘कधी चालतं कधी नाही’ त्यामागं बहुतेक हेच असणार. लाईट जाण्याच्या वेळा आणि फोन गप्प राहण्याच्या वेळा जुळतात का बघा.

म्हणून माझं म्हणणं असं, की रूटीन ज्या घटनेनं सुरू होतं तिच्या उलट्या घटनेवर त्याचा शेवट सोपवायचा नाही. बाबांच्या फोनमधले दादाचे दोन्ही मॅक्रो मी उडवले आणि एकच ठेवला. घरचं वायफाय जोडलं की रिंगचा आवाज पूर्ण. बाहेर पडल्यावर काहीही करायचं नाही. भजनात बसताना बाबा हातानं सायलेंट करतात, ती सवय त्यांना आहेच. विसर पडतो तो घरी आल्यावर. सॅमसंगमध्ये रूटीन संपल्यावर सेटिंग मागं फिरवायची की नाही हे ठरवता येतं, ते तेवढं बंद करा.

त्यात वेळेची अट मात्र घाला, सकाळी ६ ते रात्री ९. नाहीतर रात्री दोनला लाईट येणार, राउटर चालू होणार, फोन जोडला जाणार आणि रिंग पूर्ण होणार. मग एखाद्या ग्रुपवर कुणी सुप्रभात टाकलं की अख्खं घर जागं.

घर सोडल्यावर काहीतरी व्हायलाच पाहिजे असेल, तर मॅक्रोड्रॉइडमध्ये वायफाय तुटल्यावर वीस मिनिटं थांबायला लावा आणि मगच ‘अजूनही घरच्या वायफायला जोडलेला नाही ना’ हे तपासून पुढचं काम करू द्या. थोड्या वेळासाठी लाईट गेली तर यानं निभावतं, तासाभराच्या लोडशेडिंगला नाही. त्यापेक्षा राउटरला छोटा यूपीएस लावणं किंवा त्याची पिन इन्व्हर्टरच्या बोर्डात घालणं बरं.

चार्जिंगचंही तेच दुखणं. ‘चार्जिंगला लावलं की डू नॉट डिस्टर्ब’ हे बरेच जण लावतात, कारण फोन रात्रीच लावतात. मध्यरात्री लाईट गेली की चार्जिंग तुटतं, रूटीन संपतं आणि फोन बोलायला लागतो. रात्रीची शांतता चार्जिंगवर नको, घड्याळावर बांधा. चार्जर जोडल्याचा उपयोग बॅटरीशी संबंधित गोष्टींनाच करा.

गाडीचं सगळ्यात सोपं. गाडीच्या ब्लूटूथचं नाव निवडा, जोडलं की डू नॉट डिस्टर्ब चालू आणि घरच्यांचे नंबर तेवढे मोकळे. इथं मात्र तुटल्यावर सेटिंग परत फिरणं बरोबरच आहे, कारण गाडी बंद केली म्हणजे तुम्ही खरंच उतरलात. ब्लूटूथ कायम चालू ठेवायला लागतं. नव्या अँड्रॉइडवर बाहेरच्या अ‍ॅपला ते परस्पर चालू करता येत नाही. वायफायचंही तसंच. सॅमसंगचं रूटीन फोनच्या कंपनीचंच असल्यामुळे त्याला ही आडकाठी नाही.

वडिलांच्या फोनमध्ये मॅक्रोड्रॉइड टाकणार असाल तर तीन परवानग्या बघा. लोकेशनला `Allow all the time` द्या आणि लोकेशन चालूही ठेवा. वायफायवर लावायचं तर लोकेशन कशाला, असं वाटेल. पण अँड्रॉइड त्याशिवाय अ‍ॅपला वायफायचं नावच कळू देत नाही. दुसरी, डू नॉट डिस्टर्बची. ती नसेल तर मॅक्रो चालल्याची नोंद होते, पण सायलेंट फोन सायलेंटच राहू शकतो. तिसरी बॅटरीची. काही कंपन्यांचे फोन मागं चालणारी अ‍ॅप मारून टाकतात, म्हणून बॅटरीचं बंधन काढा आणि ऑटोस्टार्ट असेल तर चालू करा. लॉगमध्ये नोंदच नसेल तर पहिली किंवा तिसरी, नोंद आहे पण काम झालं नाही तर दुसरी, एवढं धरून चाला.

दादाला हे सगळं सांगितलं. त्याचं म्हणणं, चूक लोकेशनची नाही, लाईटची आहे. असेल बाबा. पण रूटीन मळ्यात चालवायचं आहे, लाईटही मळ्यातलीच मिळणार. पुण्यातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये लोकेशन चोख चालतं, ते मी मान्य करतो, आणि घरात वायफायच नसेल तर दुसरा इलाजही नाही. मग वर्तुळ मोठं ठेवा, दोनशे मीटरच्या वर, आणि घरी पोचल्यावर दोन-तीन मिनिटं उशिरानं चाललं तर कुरकुर करू नका, मागं चालणारं लोकेशन तेवढं मागं राहतंच.

आणखी एक राहिलं. दुकानात आणि घरात दोन्हीकडे राउटरचं नाव एकच ठेवलं असेल तर फोनला फरक कळत नाही. आधी एकाचं नाव बदला, मग रूटीन लावायला बसा.