मालिकेतला पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात चालतो का?

प्रश्न: आमच्या इंदूरच्या मंडळात गणपतीत प्रश्नमंजूषा आहे. मालिकेत आरोपी इन्स्पेक्टरसमोर गुन्हा कबूल करतो नि पुढच्या भागात शिक्षा होते. यावर 'खरं की खोटं' असा प्रश्न घालू का?

उत्तर: घाला, उत्तर 'खोटं'. पोलिसांना दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. इथल्याच जिल्हा कोर्टात फौजदारी कामं बघतो, त्यामुळे हे रोजचंच. आधी एव्हिडन्स ॲक्टचं कलम 25 होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 23 आहे. कोठडीतल्या आरोपीची कबुली ग्राह्य धरायची तर ती मॅजिस्ट्रेटसमोर हवी, आणि 'कबुली देणं तुमच्यावर बंधनकारक नाही, दिलीत तर ती तुमच्याविरुद्ध वापरली जाईल' हे त्यांनी आधी बजावायला हवं. मालिकेत हा प्रसंग जवळजवळ कधीच दिसत नाही.

खरी गंमत पुढे आहे. समजा, कोठडीतला आरोपी म्हणाला, "मी सुऱ्यानं मारलं आणि सुरा वाड्यामागच्या विहिरीत टाकला." पोलिसांना तिथे सुरा सापडला, तर विहिरीबद्दलचा तुकडा पुराव्यात येतो, 'मी मारलं' हा तुकडा येत नाही. म्हणून पंचांना घेऊन सुरा काढण्याचं दृश्य असेल, तर लेखकानं अभ्यास केलाय म्हणायचं.

फक्त प्रश्नात 'सर्वसाधारण कायद्यानुसार' हे शब्द टाका. महाराष्ट्रातल्या मकोकासारख्या खास कायद्यात एसपी किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानं ठरलेल्या पद्धतीनं नोंदवलेली कबुली चालते, आणि मंडळात कुणीतरी हमखास तेच काढून वाद घालेल.