बसथांब्यावरचा दिवा नेमका कुठे हवा?

प्रश्न: आमच्या थांब्यावर दोनदा बायकांची सोनसाखळी ओढून नेली. पंचायत दिवे आणि सीसीटीव्ही लावणार म्हणते. फरक पडेल का? चोर पुढच्या थांब्यावर जाणार नाही का?

फरक पडतो, पण दिवा कुठे लावता त्यावर अवलंबून आहे. क्लार्क आणि कॉर्निश या अभ्यासकांनी १९८६ साली मांडलेला तर्कशुद्ध निवडीचा सिद्धांत सांगतो की चोर त्या क्षणापुरता का होईना हिशेब करतो: हाताला काय लागेल, खटपट किती, सापडण्याची भीती किती. माणूस बदलत बसण्यापेक्षा जागा अशी करायची की हा हिशेब जुळू नये.

फोंडा तालुक्यातला आमचा थांबा घ्या. तिन्ही बाजूंनी चिऱ्यांच्या भिंती, वर पत्रे आणि दिव्याचा खांब शेडच्या मागे. उजेड सगळा पत्र्यावर, आत काळोख. त्यामुळे बायका आत बसत नसत, बस दिसावी म्हणून रस्त्याच्या कडेला उभ्या राहत. म्हणजे मोटारसायकलवाल्याला गाडी न थांबवता गळ्यापर्यंत हात पोचायचा. दिवा होता, तरी चोराचं काम सोपंच होतं.

ग्रामसभेत मी हेच मांडलं. मग दिवा पत्र्याखाली आला, डोळ्यांवर येऊ नये म्हणून झाकण लावलेला, आणि बाजूच्या भिंती कमरेपर्यंत उतरवल्या. आता बाकावर बसूनच बस दिसते. साखळी ओढायची तर चोराला गाडीवरून उतरून उजेडात यावं लागतं. त्यानंतर तसं काही घडलेलं नाही, पण एका थांब्यावरून मी सिद्धांत सिद्ध झाला म्हणणार नाही.

कॅमेऱ्याबाबत अपेक्षा बेताची ठेवा. वेल्श आणि फॅरिंग्टन यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सीसीटीव्हीचा मोठा परिणाम वाहनतळांवर दिसला, इतरत्र फारच कमी. उघड्या रस्त्यावर हेल्मेट घातलेला माणूस क्षणात निघून जातो. समोरून येणाऱ्या गाडीच्या हेडलाईटमध्ये नंबरप्लेट पांढरी फटक होते, म्हणून कॅमेरा जाणाऱ्या गाडीच्या पाठीकडे रोखलेला हवा. पावसाळ्यात काचेसमोर कोळ्याचं जाळं झालं की रात्रीचं चित्र धुरकट होतं. ठेकेदाराला पैसे देण्याआधी रात्री आठला तुमचीच स्कूटर तिथून न्या आणि रेकॉर्डिंगमध्ये नंबर वाचता येतो का पाहा.

चोर सरकण्याबद्दल: ग्युरेट आणि बॉवर्स यांनी २००९ मध्ये अशा १०२ प्रयोगांचे अहवाल चाळले. जिथे तपासलं, तिथे साधारण चौथ्या हिश्श्यात गुन्हा दुसरीकडे गेला, आणि जवळपास तितक्याच वेळा उलट शेजारच्या जागाही सुधारल्या. जागेची माहिती, पळायची वाट, गळ्यात सोनं असलेलं माणूस हे सगळं पुढच्या थांब्यावर जुळेलच असं नसतं. तरी पुढचा थांबाही तसाच काळोखी असेल, तर दोन्हींचं काम एकाच ठरावात घ्या.

दारू पिऊन भांडणारा मात्र असा हिशेब करत नाही. तुमच्याकडे तो त्रास असेल तर दिव्यावर विसंबू नका.