नवऱ्याचा राग: ताण कोणता आणि धाक कोणता?

प्रश्न: माझे मिस्टर वर्षभरापासून अचानक चिडतात, ओरडतात, दार आपटतात, हातातली वस्तू फेकतात. अंगावर हात कधी टाकला नाही. सासूबाई म्हणतात, कामाचा ताण आहे. मी मात्र दिवसभर जपून वागते. हा नुसता ताण आहे की आणखी काही? (इंदूर)

उत्तर:

मी इंदूरमध्येच कौटुंबिक समुपदेशनाचे काम करते, आणि हा प्रश्न माझ्यासमोर बहुतेक वेळा याच शब्दांत येतो. आवाज किती चढला यावरून याचे उत्तर मिळत नाही. कामाने पिचलेला माणूसही ओरडतो, क्वचित दारही आपटतो. पाहायचे ते असे की, त्या रागामुळे घरात कोणाचे काय थांबते, आणि राग ओसरल्यावर तो माणूस काय करतो.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंचे उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांचे यजमान सियागंजमधल्या एका घाऊक पेढीत हिशेबाचे काम पाहत. मार्चअखेर आली की घरी यायला रात्र होई, जेवण अर्धवट राही आणि चिडचिड वाढे. म्हणून बाईंनीही सारे खापर मार्चवर फोडले होते. मी त्यांना एवढेच सांगितले की, पुढचे काही आठवडे प्रत्येक प्रसंगानंतर चार गोष्टी लिहून ठेवा: आधी काय बोलणे चालले होते, समोर कोण होते, काय फेकले किंवा आपटले, आणि त्यानंतर काय झाले.

ती वही आम्ही एकत्र वाचली तेव्हा मार्चचे कारण टिकले नाही. एप्रिल उलटून गेल्यावरही प्रसंग तितकेच होते, आणि त्यांतले बहुतेक तीनच विषयांवर घडले होते: बाईंनी माहेरी जाण्याचे काढले तेव्हा, पैशांचा हिशेब विचारला तेव्हा, आणि शिकवण्या पुन्हा सुरू करण्याविषयी त्या बोलल्या तेव्हा. फुटलेल्या वस्तूंमध्ये त्यांचा मोबाइल होता, त्यांच्या आईने दिलेली काचेची बरणी होती. यजमानांच्या स्वतःच्या वस्तूंना एकदाही धक्का लागला नव्हता. एका संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात आडवे उभे राहून ओरडत होते आणि तेवढ्यात शेजारचे काका घंटी वाजवून आत आले. त्याच क्षणी आवाज खाली आला, "या काका, बसा, चहा घेणार ना?" काका गेले, दार लागले, आणि बोलणे जिथे तुटले होते तिथूनच पुन्हा सुरू झाले.

या शेवटच्या नोंदीकडे मी सर्वांत जास्त लक्ष दिले. ज्याचा स्वतःवर खरोखर ताबा राहत नाही, त्याचा तोल माणूस पाहून जात नाही. तो दुकानात, रस्त्यावर, मित्रांसमोरही सुटतो, आणि त्याच्या स्वतःच्या वस्तूही फुटतात. जो राग मालकासमोर गिळला जातो, पाहुण्यांसमोर थांबतो आणि बायकोसमोरच मोकळा होतो, त्या रागावर ताबा आहे, आणि तो कुठे सोडायचा हेही ठरलेले आहे. एकच प्रसंग पाहून मात्र असा निष्कर्ष काढू नये, कारण थकलेला माणूसही चारचौघांत स्वतःला सावरतो आणि घरी येऊन चिडतो. म्हणून विषय, वस्तू आणि नंतरचे वागणे ही सगळी एकाच दिशेला बोट दाखवतात का, ते पाहावे.

नंतरचे वागणे मला विशेष महत्त्वाचे वाटते. ताणामुळे ओरडलेला माणूस शांत झाल्यावर साधारणपणे आपणहून म्हणतो की माझे चुकले, फुटलेले स्वतः उचलतो, आणि पुढच्या वेळी राग चढू लागला की बाजूला होतो. शरीर खवळले की ते निवायला वीस मिनिटे, कधी त्याहून अधिक वेळ लागतो. तेवढा वेळ तो गच्चीवर जाऊन काढतो आणि परत येऊन बोलतो. मुख्य म्हणजे त्याच्याशी मतभेद करता येतो. त्या बाईंच्या घरातही माफी येत असे, पण तिच्यामागे "तूच मला चिडवतेस" हे ठरलेले होते, आणि काचा त्या बाईच गोळा करत. पुढे त्यांनी माहेरचे नाव काढणे सोडले, शिकवण्यांचा विषय मिटला, संध्याकाळी स्कूटरचा स्टँड लावल्याचा आवाज आला की त्या मुलांचा टीव्ही बंद करू लागल्या. घर शांत झाले होते, पण भीतीने. भिंतीवर फेकलेला पेला अंगाला लागत नाही, तरी तो अंगावरही येऊ शकतो हे समोरच्याला कळते, आणि धाकाला तेवढे पुरते.

तुम्ही "दिवसभर जपून वागते" असे लिहिले आहे, म्हणून तुम्हालाही अशी वही ठेवायला सांगेन. मात्र ती त्यांच्या हाती लागणार नाही अशा जागी, शक्यतो घराबाहेर ठेवावी. ओरडताना वापरलेले शब्द ज्या भाषेत होते त्याच भाषेत लिहावेत, कारण पुढे तक्रारीची वेळ आलीच तर इथे ती हिंदीत लिहिली जाईल आणि मूळ धमकी भाषांतरात सौम्य होऊ शकते. सगळे शांत असताना एखादा लहानसा नकार देऊन पाहण्याचा विचार केला आणि त्या विचारानेच पोटात गोळा आला, तर तो प्रयोग करू नका. तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या भीतीतच आहे.

हात टाकला नाही म्हणून कायदा लागू होत नाही, हा समज चुकीचा आहे. महिलांना कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या 2005 च्या कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळ, तसेच इजा करण्याची धमकी यांचाही समावेश आहे. 181 या महिला हेल्पलाइनवर किंवा पीडित महिलांना मदत करणाऱ्या सरकारी वन स्टॉप सेंटरमध्ये बोलल्याने लगेच खटला उभा राहत नाही. आपल्यापुढे कोणते मार्ग आहेत एवढे आधी समजून घेता येते. संरक्षण अधिकाऱ्याकडे नोंद करता येते, दंडाधिकाऱ्यांकडून संरक्षणाचा आदेश मागता येतो, आणि घर सासऱ्यांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असले तरी त्या घरात राहण्याचा हक्क हा कायदा देतो. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील स्त्रियांना मोफत मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आपल्या मराठी मंडळींत सगळेच एकमेकांना ओळखतात, म्हणून अनेकजणी बोलायचे टाळतात. अशा वेळी नात्याबाहेरची ही दारे अधिक सोयीची ठरतात.

नातेवाईक बहुधा दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जाण्याचा सल्ला देतील. तुमच्या घरात ताणच असेल तर तो सल्ला उत्तम आहे. धाक असेल तर आधी एकट्याने जा, कारण नवऱ्यासमोर खरे बोललेल्या बाईला त्याची किंमत घरी परतल्यावर मोजावी लागते, हे मी पाहिले आहे. त्यांना झोप लागत नसेल, दारू वाढली असेल किंवा मन खचलेले वाटत असेल, तर त्यांनी डॉक्टरांना जरूर भेटावे. पण त्यांचे उपचार सुरू होईपर्यंत तुम्ही मदत मागायची थांबू नये.

काही गोष्टी मात्र वहीत लिहून वाट पाहण्यासारख्या नसतात. गळा दाबणे, जिवे मारण्याची धमकी, हत्यार दाखवणे, खोलीत कोंडणे किंवा गरोदरपणात वाढलेला राग, यांपैकी एकही घडले तर 112 वर फोन करा. घर सोडण्याचा विचार असेल तर तो भांडणात बोलून दाखवू नका, कारण बाई निघते आहे हे कळते तेव्हाच धोका बहुधा वाढतो. ते तुमचा मोबाइल पाहत असतील तर 181 ला विश्वासातल्या मैत्रिणीच्या फोनवरून बोला, आणि हे पान वाचून झाल्यावर ब्राउझरच्या इतिहासातून काढून टाका.